खुर्ची परत केली, २,६७९ रुपये कापले: त्यातले किती मागता येतात?

प्रश्न: मी मानेवाड्याला राहते. घरून काम करते म्हणून एका कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून खुर्ची मागवली. खुर्ची ७,९९९ आणि डिलिव्हरी २९९, असे ८,२९८ रुपये यूपीआयने दिले. पेजवर सीटची कमीत कमी उंची ४६ सेंमी लिहिली होती. घरी पूर्ण खाली करून टेप लावला तर ५२ भरली, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. टेपसकट फोटो दुसऱ्याच दिवशी त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. परत पाठवताना यादीतून 'साइज बसत नाही' हे कारण निवडलं. आता फक्त ५,६१९ आले. परतीचा खर्च १,१८०, रीस्टॉकिंग १५ टक्के म्हणजे १,२००, आणि डिलिव्हरीचे २९९ कापले. कस्टमर केअर म्हणते, पॉलिसीत लिहिलंय. असं कापता येतं का? पॉलिसीचा, खुर्चीच्या पेजचा आणि बॉक्सवरच्या लेबलचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर:

ताई, आधी या भांडणाचा आस कुठे आहे ते सांगतो. तो पॉलिसीत नाही, तुम्ही निवडलेल्या त्या एका कारणात आहे. परत केलेल्या मालाचे दोन प्रकार असतात. एक, माल सांगितल्याप्रमाणेच होता, पण घेणाऱ्याला नको झाला. दुसरा, माल सांगितल्यासारखा नव्हता किंवा खराब निघाला. कापाकापीचं उत्तर या दोन प्रकारांत अगदी वेगळं येतं, आणि तुमची खुर्ची दुसऱ्या प्रकारातली असूनही कंपनीने ती पहिल्यात टाकली आहे.

पहिल्या प्रकारात ग्राहकाची बाजू बरीच लंगडी असते. मन बदललं म्हणून ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. अनेकांना वाटतं की सात दिवसांचा हक्क कायद्यातच आहे. तसं नाही, ती त्या त्या दुकानाने स्वतःहून दिलेली सवलत असते. सवलत त्यांची म्हटल्यावर तिच्या अटीही त्यांच्या, एवढंच की त्या पैसे भरण्याआधी नीट दिसल्या पाहिजेत.

दुसऱ्या प्रकारात अटी नंतर येतात, नियम आधी येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये लागू झाले. स्वतःचा माल स्वतःच्या साइटवर विकणाऱ्या कंपनीसाठी त्यातला नियम ७ आहे. जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म मालात नसतील तर माल परत घ्यायला किंवा दिलेला मोबदला परत करायला कंपनीला नकार देता येत नाही. 'कमीत कमी उंची ४६ सेंमी' हा पेजवर आकड्यात सांगितलेला गुणधर्म आहे, आणि कामाच्या खुर्चीत तो शोभेचा नाही. उंची पाहूनच माणूस खुर्ची निवडतो.

इथे एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. 'एक रुपयाही कापू नये' असं वाक्य नियमात शब्दशः नाही. मोबदला परत करायला नकार देऊ नये, असं आहे. आपलं म्हणणं असं की ८,२९८ पैकी २,६७९ ठेवून घेणं म्हणजे तेवढ्या मोबदल्यापुरता नकारच. हा युक्तिवाद मजबूत आहे, पण तो युक्तिवाद आहे हे लक्षात ठेवून कागद तयार करायचे. फोनवर 'कायद्यात सरळ लिहिलंय' असं म्हणून बसलात तर समोरचा ओळ दाखवा म्हणेल.

आता त्या 'साइज बसत नाही'बद्दल. परतीच्या यादीतली कारणं ग्राहकाच्या सोयीसाठी असतात असं वाटतं, पण खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे कंपनीची सिस्टिम तिथेच ठरवते. 'साइज', 'आवडलं नाही', 'चुकून मागवलं' ही कारणं ग्राहकाच्या नावावर पडतात. 'वर्णनाप्रमाणे नाही', 'चुकीचा माल', 'तुटलेला माल' ही विक्रेत्याच्या. पुढे माणूस सहसा बघत नाही, कापायची रक्कम आपोआप निघते. तरी यादीतला एक पर्याय दाबणं म्हणजे कबुली नव्हे. त्याआधी तुम्ही टेपसकट फोटो पाठवलेला आहे आणि व्हॉट्सॲपवर त्याची तारीख-वेळ आहे. खरं कारण कंपनीला कारण निवडण्याच्या आधीपासून माहीत होतं, हे त्यावरून दिसतं. हा फोटो नसता तर मी तुम्हाला निम्म्यावर तडजोड करा म्हटलं असतं, कारण खुर्ची आता त्यांच्याकडे आहे आणि पुन्हा मोजायला आपल्या हातात काही उरलेलं नाही.

त्या फोटोवर कंपनी काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. पहिलं, 'गादी दबल्यावरची उंची आम्ही लिहितो.' माणूस बसल्यावर सीट थोडी खाली जाते हे खरं, पण पेजवर 'बसल्यावर' असा शब्द कुठेच नाही, आणि तुमच्या फोटोत टेपाची सुरुवात फरशीवर स्पष्ट दिसते. तुम्ही बसलेल्या अवस्थेतला एखादा फोटो असेल तर तोही जोडा. सहा सेंटिमीटरचा फरक नुसत्या गादीवर ढकलणं त्यांना जड जाईल. दुसरं, 'लिव्हर पूर्ण दाबला नव्हता.' यासाठी गॅस लिफ्टचा दांडा आवरणात पूर्ण गेलेला दिसतोय का ते मूळ फोटोत झूम करून पाहा. पेजचा स्क्रीनशॉट आहे ते फार बरं झालं, कारण असा वाद सुरू झाला की पेजवरचे आकडे गुपचूप बदललेले मी पाहिले आहेत. web.archive.org वर त्या पेजची जुनी प्रत सापडते का तेही बघून घ्या. प्रत्येक पेजची असेलच असं नाही.

आता कापलेल्या तिन्ही रकमा एकेक करून पाहू, कारण तिन्हींचं बळ सारखं नाही.

परतीचे १,१८०. मोठ्या आणि हलक्या सामानाचं भाडं काट्यावरच्या वजनाने लागत नाही, आकारमानाच्या वजनाने लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि कुरिअरवाले बहुतेक वेळा ५,००० ने भागतात. तुमच्या लेबलवर ७५, ६० आणि ३३ आहे. गुणाकार १,४८,५०० येतो, भागल्यावर २९.७ किलो, म्हणजे बिलात ३०. खरं वजन त्याच लेबलवर १६ किलो आहे. म्हणून 'सोळा किलोला एवढे कसे' हा मुद्दा काढू नका, तिथे ते तुम्हाला सहज गप्प करतील. घरी येऊन एकच बॉक्स उचलायचा म्हणजे भाडं जाण्याच्या भाड्यापेक्षा जास्त असतं, हेही खरं आहे. येताना घेतलेले २९९ हे पूर्ण भाडं नव्हतंच, बाकीचं वस्तूच्या किमतीत मुरलेलं असतं.

मात्र १,१८० या आकड्याकडे नीट बघा. १,००० अधिक १८ टक्के जीएसटी, बरोबर १,१८०. वजनावरून, अंतरावरून, इंधनाचा अधिभार लावून निघालेलं बिल इतकं गुळगुळीत क्वचितच असतं. मला हा ठरवून टाकलेला आकडा वाटतो. म्हणून एकच मागणी करायची: या परतीचा एअरवे बिल नंबर आणि कुरिअरच्या बिलाची प्रत द्या. खरं बिल कमी निघालं तर वरची रक्कम खर्च नसून कमाई ठरते. बिल दिलंच नाही तर तीही गोष्ट पुढे उपयोगी पडते.

याहून मोठा मुद्दा पॉलिसीतच आहे. परतीच्या वाहतुकीचा खर्च किती, ही माहिती स्पष्ट आणि ठळक दाखवणं त्याच नियम ७ ने कंपनीवर टाकलेलं आहे. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये काय आहे? 'रिव्हर्स पिकअप चार्जेस ॲज ॲप्लिकेबल.' आकडा नाही, दर नाही, कमाल मर्यादाही नाही. 'जे लागतील ते' ही खर्चाची माहिती झाली नाही. त्यामुळे उद्या कोणी ठरवलं की तुमची खुर्ची 'मन बदललं' याच प्रकारातली होती, तरीसुद्धा हे १,१८० वादात राहतात. तिन्हींत तुमची सगळ्यात भक्कम रक्कम हीच.

रीस्टॉकिंगचे १,२००. उघडलेला बॉक्स परत आला की तो तपासायचा, पुन्हा पॅक करायचा, गोदामात चढवायचा, आणि बऱ्याचदा कमी भावाने विकायचा, त्याचा हा आकार. फर्निचरच्या धंद्यात तो अगदीच खोटा नाही. पण तुमच्या पॉलिसीतलं वाक्य पूर्ण वाचा: 'दोष नसलेल्या मालाच्या परतीवर १५ टक्क्यांपर्यंत.' यात दोन शब्द तुमच्या बाजूचे आहेत. वर्णनाशी न जुळणारा माल 'दोष नसलेला' म्हणता येत नाही, हा पहिला. आणि 'पर्यंत' म्हणजे कमाल. सरळ कमालच का लावली, तपासणीत काय आढळलं, हे त्यांनी सांगायला हवं. गोदामात खुर्ची तपासल्याची नोंद मागा. ही मागणी मला विशेष आवडते, कारण तपासणी झाली असेल तर उंची मोजलीच असणार, आणि झाली नसेल तर तपासणीचे पैसे कशाचे?

डिलिव्हरीचे २९९. मन बदललं असतं तर हे मी सोडून द्या म्हटलं असतं. सामान घरपोच आलं, ते काम झालेलं आहे. पण चुकीच्या वर्णनाच्या मालासाठी तुम्ही ते भाडं भरलं, आणि तुमच्या खिशातून मोबदला म्हणून एकूण ८,२९८ गेले. मागायचे जरूर. तडजोडीत काही सोडायची वेळ आलीच तर मात्र पहिल्यांदा हेच सोडायचे.

यानंतर एक कागद असा आहे जो लोक मागतच नाहीत. क्रेडिट नोट. माल परत आला की विक्रेता आधीच्या बिलाविरुद्ध क्रेडिट नोट काढतो आणि भरायच्या जीएसटीतून तेवढा कर कमी करून घेतो. तुमच्या ७,९९९ मध्ये १८ टक्क्यांनी कर १,२२० रुपये १९ पैसे बसतो, मूळ किंमत ६,७७८ रुपये ८१ पैसे. कंपनीने पूर्ण ७,९९९ ची क्रेडिट नोट काढली असेल तर तिच्या स्वतःच्या हिशेबात ही विक्री पूर्ण रद्द झालेली आहे. मग १,२०० आणि १,१८० हे वेगळे आकार ठरतात आणि त्यांचं वेगळं बिल तुम्हाला मिळायला हवं. ते मिळालेलं नाही. उलट क्रेडिट नोट कमी रकमेची निघाली असेल, तर कुठल्या आधारावर ते विचारायचं. दोन्हीकडून कंपनीला काहीतरी लिहून द्यावंच लागतं. काही विक्रेते परतीत जीएसटी सोडून फक्त मूळ किंमत देतात आणि 'कर सरकारकडे गेला' म्हणून सांगतात. तुमच्याकडे तसं झालेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे झालं असेल तर क्रेडिट नोट मागितल्याबरोबर ते उघडं पडतं.

म्हणजे तुमचा हिशेब असा. मागणी पूर्ण २,६७९ ची. तडजोडीत २९९ सोडून २,३८० पर्यंत या, त्याखाली उतरू नका. कंपनी नुसते १,१८० देऊ करेल असा माझा अंदाज आहे, कारण त्यांच्या वकिलालाही तो मुद्दा पोकळ आहे हे कळतं. तिथे घाई करू नका.

कस्टमर केअरशी बोलणं आता बंद करा. साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ई-मेल असतो, असायलाच हवा. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. मेल लहान ठेवा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही चालेल. साधारण असा:

'ऑर्डर क्रमांक अमुक. पेजवर सीटची कमीत कमी उंची ४६ सेंमी होती, प्रत्यक्षात ५२ सेंमी भरली. अमुक तारखेला फोटोसह व्हॉट्सॲपवर कळवले होते. यादीत निवडलेले कारण अपुरे होते. परत करण्याचे खरे कारण माल वर्णनाप्रमाणे नसणे हे आहे. ई-कॉमर्स नियम २०२० च्या नियम ७ नुसार उरलेले २,६७९ रुपये मूळ खात्यात जमा करावेत. कापलेल्या रकमेबाबत कुरिअरचे बिल, गोदामातील तपासणीची नोंद आणि क्रेडिट नोट यांच्या प्रती पाठवाव्यात. मिळालेले ५,६१९ रुपये मी अंशतः परतावा म्हणून, हक्क राखून स्वीकारले आहेत.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे आपोआप खात्यात आले म्हणजे तुम्ही हिशेब मान्य केला असं होत नाही, पण नंतर 'ग्राहकाने स्वीकारले' असं म्हणायला जागा ठेवायची नाही. त्यांच्या ॲपवर 'रिफंड मिळाला, समाधानी आहात का?' असं काही आलं तर हो दाबू नका. उरलेल्या पैशांचं कूपन किंवा वॉलेटमध्ये जमा देऊ केली तर नाही म्हणा. तुम्ही यूपीआयने भरलेत, परत तिथेच यायला हवेत.

एक महिना होऊन गेला किंवा उत्तर 'पॉलिसीनुसार' एवढंच आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. १९१५ ला फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर नोंदवा. मी नोंदवायला सांगतो, कारण मेलच्या प्रती जोडता येतात. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून मध्यस्थी करते, म्हणून काहींना ती बिनकामाची वाटते. लहान रकमांत मला ती कामाची वाटते. फक्त मजकुरात 'खूप त्रास झाला' याने सुरुवात करू नका. पहिल्याच ओळीत ४६ आणि ५२ हे दोन आकडे आले पाहिजेत.

तिथेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पॉलिसीच्या शेवटी 'सर्व वाद बेंगळुरू न्यायालयांच्या कक्षेत' असं लिहिलेलं आहे, त्याला घाबरू नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी नागपूर. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

तक्रार लिहिताना एक शब्द जपून वापरायचा. 'पॉलिसीच एकतर्फी आहे, हा अनुचित करार आहे' असं लिहायचा मोह होतो, इंटरनेटवरचे तयार नमुनेही तसेच असतात. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, तिचा अधिकार राज्य आयोगापासून वर सुरू होतो. तो मुद्दा घातलात की समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो आणि तारखा वाढतात. तुम्ही 'अनुचित व्यापारी प्रथा' आणि 'सेवेतील त्रुटी' एवढंच म्हणा. मागणीत २,६७९ रुपये, त्यावर व्याज, आणि तक्रारीचा खर्च. मानसिक त्रासाचे लाखभर वगैरे लिहू नका, अडीच हजाराच्या कामात ते वाचणाऱ्याला खटकतं.

वेळेबद्दल स्पष्टच सांगतो. मालाची तपासणी लागत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ जातो. फक्त पैशासाठी तिथवर जाणं परवडतं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा की इतक्या रकमेत कंपन्या आयोगाची नोटीस मिळाल्यावर फोन करतात, आणि काही तर हेल्पलाइनच्या टप्प्यावरच.

वाचणाऱ्यांपैकी कोणी हीच खुर्ची मोठ्या मार्केटप्लेसवर दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतली असेल तर नियम ७ च्या जागी विक्रेत्यासाठी नियम ६ लिहायचा. त्यातही वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची तरतूद आहे आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च दाखवायचं बंधनही आहे. तक्रार मार्केटप्लेस आणि विक्रेता दोघांविरुद्ध करायची. विक्रेत्याचं नाव-पत्ता ऑर्डरच्या बिलावर असतो, तो आजच उतरवून ठेवा.

तडजोडीचा फोन आला तर रक्कम आणि तारीख मेलवर लिहून मागा. 'आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे सोडतो' हे ऐकू नका. रक्कम खात्यात दिसली, यूपीआयचा संदर्भ क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळला, की मग तक्रार बंद करायचं कळवा.